शेण माझं, गांडुळं माझी

आमच्या घरात दूध पुरुषांचं आणि शेण बायकांचं. ही वाटणी कुणी बसून केलेली नाही, पण लग्न होऊन आले त्याच्या दुसऱ्या दिवसापासून ती मला कळली. दूध काढायचं मी, किटलीही मीच घासायची, पण डेअरीवर किटली घेऊन जायचे ते हे. सभासद हेच, बोनसची पेढ्यांची पुडी घेऊन येणारेही हेच. शेणाच्या पाटीला मात्र कधी कुणी हात लावायला आलं नाही. ती रोज सकाळी माझ्याच डोक्यावर. दोन म्हशी, एक गाय आणि एक रेडी, एवढ्यांचं शेण उकिरड्यावर टाकून येता येता माझी अर्धी हयात गेली. मग एक दिवस वाटलं, हे एवढं माझंच आहे ना, तर माझंच होऊ दे की.

तालुक्याला बचत गटाच्या बायकांसाठी गांडूळखताचं प्रशिक्षण होतं. मी गेले ते खरं तर जेवण चांगलं असतं म्हणून. शिकवायला एक तरुण बाई होत्या. त्यांनी प्लास्टिकच्या टबातून मूठभर खत काढून सगळ्यांच्या हातावर दिलं. काळसर, दाणेदार, अगदी चहापुडीसारखं. नाकाला लावून बघितलं तर शेणाचा वास नावाला नाही, नुसता मातीचा. ज्या वासानं माझ्या साड्या, केस, बोटं सगळं भरलेलं, तो गेला कुठं? बाई म्हणाल्या, गांडुळांनी खाल्ला. माझा त्यावर विश्वास बसायला वेळ लागला, पण बसला तेव्हा घट्ट बसला.

घरी येऊन सांगितलं तर आमच्या ह्यांनी टीव्हीवरची नजरही काढली नाही. "शेणात किडं पाळणार तू? त्ये आपोआपच हुत्यात की." मी म्हटलं, मुळं खाणारी हुमणी वेगळी, गांडूळ वेगळं. ह्यांना हुमणी म्हटलं की ऊस आठवतो आणि ऊस आठवला की डोकं फिरतं, त्यामुळं तो विषय तिथंच संपला.

गोठ्याच्या मागच्या बाजूला, पत्र्याखाली एक कोपरा होता. तिथं जुनी मोटर, फुटके पाइप आणि ट्रॅक्टर आल्यावर बिनकामाचं झालेलं जू पडलेलं. तो मी मागितला. हे म्हणाले, "घे. पण बेंदूर झाला की वडगावच्या बाजारातनं एक म्हस आणायची हाय मला. तवर तुझ्या किड्यांचं खत कुणी घरात येऊन घेऊन गेलं तर ऱ्हाऊ दे तुझा कोपरा. न्हाईतर तिथं म्हस बांधणार." मी लगेच हो म्हटलं. गुढीपाडवा नुकताच झाला होता, आणि बेंदूर, आमच्याकडचा बैलांचा सण, आषाढात. वेळ भरपूर होता, निदान तेव्हा तसं वाटलं.

हौद मी स्वतः बांधला. विटा घरच्याच, मागं न्हाणीघर पाडलं त्याच्या. रुंदी एवढीच ठेवली, की दोन्ही बाजूंनी हात आतपर्यंत पोचावा, नाहीतर मधलं खत काढायला आत पाय द्यावा लागतो आणि गांडुळं चेंगरतात. उंची माझ्या गुडघ्याला. तळ चोपून घेतला, एका बाजूला थोडा उतार दिला आणि पाणी निथळायला कोपऱ्यात पाइपचा तुकडा बसवला. हौदाभोवती चारी बाजूंनी हातभर रुंदीची पाण्याची चर काढली. ती मुंग्यांसाठी. बाईंनी दोन-दोनदा बजावलं होतं, की मुंगी आत गेली तर गांडूळ गेलं समजा.

तळाला आधी विटांचे तुकडे, त्यावर उसाचं पाचट बारीक करून, त्यावर शेण. पण शेण ताजं नाही. ताजं शेण आतून तापतं, त्यात हात धरवत नाही. ते आधी सावलीला पसरून, वरखाली करून, पाणी मारत दोन-तीन आठवडे निववायचं. हात आत कोपरापर्यंत घालून बघायचा. गार लागला तरच गांडुळं सोडायची. मी हे सगळं केलं, अगदी परीक्षेला बसल्यासारखं केलं. मग प्रशिक्षणाच्या बाईंकडून लाल गांडुळं आणली, वरून अलगद पसरली. ती बघता बघता शेणात शिरली आणि मी वर ओलं बारदान टाकलं. त्या दिवशी मला इतका आनंद झाला, की मी घरात कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर कुणीतरी काहीतरी बोललं असतं.

बोललं तर नाही, पण केलं. माझ्या माहेरी भावाच्या मुलीचं लग्न होतं, म्हणून मी चार दिवस गारगोटीला गेले. परत आले तर गांडुळं हौदाच्या विटांवर चढून बसलेली, काही बाहेर पडून सुकलेली. बारदान उचललं तर वाफ आली. आमच्या ह्यांनी मला मदत म्हणून सकाळचं ताजं शेण रोज पाटीपाटीनं हौदात ओतलं होतं.

"अवो, ताजं शेण घालायचं न्हाई म्हणून सांगून गेलते की मी!"

"शेण ते शेण. ताजं म्हणजे चांगलंच असतंय की. तुला ताजी भाकरी आवडत न्हाई व्हय?"

मी कमरेला पदर खोचला आणि वरचं सगळं गरम शेण हातानं उपसून काढलं. आत तळाशी, पाचटाजवळ गारव्याला काही गांडुळं जगली होती. तेवढ्यांवर मी पुन्हा सुरुवात केली. ह्यांनी नंतर दोन दिवस मला तोंड दाखवलं नाही, आणि तिसऱ्या दिवशी डेअरीतून येताना पावशेर जिलेबी आणली. ह्यांची माफी अशीच असते, गोड आणि निरुपयोगी.

दुसरा ताप सासूचा. आमच्याकडं सासूला आत्ती म्हणतात. आत्तींचं वय झालंय, पण आवाजाचं झालेलं नाही. आधी त्यांनी सगळ्या गल्लीला सांगितलं, की सुनेनं घरात किडं पाळलेत, आता पावण्यांनी चहाला यायचं की नाही तुम्हीच ठरवा. शेजारणी बघायला येऊ लागल्या. नाकाला पदर लावून यायच्या आणि वास येत नाही म्हणून निराश होऊन जायच्या. आत्ती लांब, गोठ्याच्या दारात उभ्या राहून ओरडायच्या, "ये बाई, हात धू आधी, मगच चुलीकडं ये!"

मग एका दुपारी मी बघितलं तर आत्ती हौदाजवळ उकिडव्या बसलेल्या. बारदानाचा कोपरा उचलून आत बघत होत्या.

"ह्यास्नी डोळं न्हाईत व्हय गं?"

"न्हाईत, आत्ती."

"कान?"

"त्येबी न्हाईत."

"आणि खातंय काय, नुसतं शेणच?"

"शेणच."

आत्तींनी बारदान परत नीट झाकलं. "गरीब जनावर हाय," म्हणाल्या. त्या दिवसापासून माझ्या हौदाचं पाणी बिघडलं.

झालं असं, की आमच्या गोठ्याचा एक रिवाज आहे. जो कोणी गोठ्यात पहिला जाईल त्यानं आधी जनावरांना पाणी दाखवायचं, मग दुसरं काम. मुकं जनावर तहानलेलं ठेवलं तर घरात बरकत राहत नाही, असं आत्ती मानतात, आणि त्यांचं ऐकून सगळेच मानतात. आता गांडूळ जनावर ठरलं. मग त्यालाही पाणी! आत्ती पहाटे एक कळशी ओतायच्या. मला माहीत नसल्यामुळं मी सकाळी माझ्या हिशेबानं झारीनं शिंपडायची. दुपारी हे म्हशींना पाणी दाखवायला आले की आत्तींच्या सांगण्यावरून एक बादली गांडुळांना. हौदाच्या पाइपातून काळं पाणी वाहू लागलं. गांडुळं फिकट पडली आणि कडेकडेनं वर येऊ लागली.

ओलावा कसा बघायचा हे मी हजार वेळा सांगितलं असेल. मूठभर उचलायचं, घट्ट दाबायचं. बोटांच्या फटीतून एखाद-दुसरा थेंब आला आणि मूठ उघडल्यावर गोळा तसाच राहिला, तर बरोबर. धार लागली तर जास्त. गोळा फुटून सांडला तर कमी. एवढं सोपं आहे. पण आमच्या घरात मूठ दाबायची ती फक्त भांडणात.

"आत्ती, गांडुळं अंगातनं श्वास घेत्यात. पाण्यात बुडाली की गुदमरत्यात."

"मग मासं कसं जगतंय?"

"मासा वेगळा, आत्ती!"

"वेगळा कशापायी? त्येबी मुकंच."

मी झारी लपवली, कळशी लपवली, शेवटी नळाला कापड बांधलं. मग आत्ती तांब्यानं पाणी घालू लागल्या. ह्यांना सांगितलं तर हे म्हणाले, "म्हातारीला कशाला दुखावतीस? पाणीच घालतीया की, विष न्हाई." मला त्या काळात खरोखर असं वाटायचं, की ह्या घरात माझं काही उभं राहूच द्यायचं नाही असा सगळ्यांनी मिळून पण केलाय. आणि कोणी वाईट वागत नव्हतं हीच मोठी पंचाईत होती. वाईट वागणाऱ्याशी भांडता येतं. कळशी घेऊन मायेनं येणाऱ्या म्हातारीशी कसं भांडायचं?

तरी मी हौद सांभाळला. सुकं पाचट आणि निवलेलं शेण घालून ओल ओढून घेतली, आठवड्याला हातानं हलकं वरखाली केलं. आत्तींना मी एक काम लावून दिलं, हौदाभोवतीच्या चरीत पाणी भरायचं. त्यांचं पाणी घालायचं समाधान झालं आणि मुंग्यांचा बंदोबस्तही. मला माझाच अभिमान वाटला. गांडुळं वाढली, लाल लाल, केसांच्या गुंतवळासारखी गुंतलेली. वरचा थर काळा आणि दाणेदार होत आला. मृग बरसून गेला, आषाढ लागला, आणि कोडोलीच्या रस्त्यावर रोपवाटिका असलेला एक माणूस आपल्या टेम्पोनं खत न्यायला येतो म्हणाला. त्यानं आधी येऊन मूठभर बघितलंही. त्याचे लावणीचे दिवस, रोपांच्या पिशव्या भरायच्या होत्या. "बेंदूर झाला की दुसऱ्या दिवशी येतो, ताई. चाळून ठेवा. वल्लं नको, पिशवीत गोळं हुत्यात."

खत काढायचं तर त्याच्या आधी पाच-सहा दिवस पाणी बंद करायचं असतं. वरचा थर सुकत जातो, तशी गांडुळं ओलाव्याच्या मागं तळाला उतरतात. मग वरचं खत हातानंच ओढून घ्यायचं, फावडं-खुरपं लावायचं नाही, गांडुळं कापतात. त्याचे उजेडात पण सावलीला छोटे छोटे ढीग करायचे. त्यात राहिलेली गांडुळं उजेडाला भिऊन ढिगाच्या बुडाशी जातात, वरचं वरचं काढून चाळायचं. बुडातली गांडुळं आणि चाळणीवर राहिलेलं जाडंभरडं परत हौदात. खडखडीत वाळवायचं मात्र नाही, नाहीतर खतातला जीव जातो. मला सगळं पाठ होतं.

पावसाळी हवेत वरचा थर सुकेना. बाहेर झिम्मड पाऊस, पत्र्याखालीही दमट. मी बारदान काढून ठेवलं, दिवसातून दोनदा वरचा थर बोटांनी मोकळा केला. आत्तींना हात जोडले. "ह्या आठवड्यात पाण्याचा थेंब न्हाई, आत्ती. चरीत घाला, आत न्हाई." त्यांनी मान हलवली आणि खरंच ऐकलं. बेंदराच्या आदल्या दिवशी वरचं खत बोटांतून सुटं होऊन पडत होतं. मी खुश होते. सणाच्या दिवशी माती-खताचं काम काढायचं नाही, असा आत्तींचा कडक नेम, म्हणून मी हात आवरला. दुसऱ्या दिवशी सकाळी चाळायचं ठरवलं.

बेंदूर झाला. आमच्याकडं आता बैल नाहीत, मातीचे बैल आणून पूजा करतो, पण गोठ्यातल्या जनावरांना शिंगं रंगवून, ओवाळून पुरणपोळीचा निवद दिलाच जातो. मी दिवसभर चुलीपुढं. पुरण वाटता वाटता खांदे भरून आले. जेवणं झाली आणि मी पाठ टेकली.

दुसऱ्या दिवशी सकाळी चाळण घेऊन गोठ्यात गेले. हौदाच्या विटांना हळद-कुंकू लागलेलं. विझलेली उदबत्ती. हौदाच्या पुढं, चरीवर आडवा टाकलेला लाकडी पाट. पूजेला बसायला टाकला असणार आणि उठून जाताना तिथंच राहिला असणार. त्या पाटावरून तांबड्या मुंग्यांची रांग लागली होती. थेट हौदात.

मी खतात हात घातला आणि ओरडत बाहेर काढला. मनगटापर्यंत मुंग्या. दुसऱ्या हातानं झटकत पुन्हा आत घातला, तर मधोमध, खतात नीट खड्डा करून ठेवलेली, केळीच्या पानावरची पुरणपोळी. तुपानं निथळणारी. वर गुळाचा खडा. अख्खी पोळी मुंग्यांनी तांबडी झालेली. पावसानं बाहेरची सगळी वारुळं भिजलेली, ह्या कोरड्या, गोड जागेसारखी जागा त्यांना गावात दुसरी कुठली?

मला रडू आलं नाही, संताप आला. पाट उचलून फेकला. पोळी पानासकट उचलून बाहेर पावसात टाकली. तिच्याभोवतीचं पाटीभर खत मुंग्यांसकट काढून लांब नेलं. पोळी टाकायला निघाले तेव्हा हे दारात दात घासत उभे होते. माझ्या हातातल्या पोळीकडं बघितलं, मुंग्या चावलेल्या हाताकडं बघितलं आणि चूळ भरायला गेले. विटांच्या कडेनं मी हळद पसरली. पण मुंग्या आत उतरल्या होत्या. सुकलेल्या थरातून वाट काढून खाली, जिथं मी स्वतः पाणी तोडून सगळी गांडुळं एका जागी गोळा केली होती, तिथं. एक गांडूळ बाहेर आलं ते दोन्ही टोकांनी वळवळत, आणि त्याच्या अंगावर मुंग्या.

आता मुंगी घालवायची तर एकच उपाय, हौद भिजवायचा. ओल्यात मुंगी थांबत नाही. आणि भिजवायचा तर खताचा चिखल होणार, तो चाळणीतून पडणार नाही. टेम्पो दुपारी येणार. खत ठेवायचं का गांडुळं? मी तिथं उभी राहून हातातल्या चाळणीकडं बघत होते. चाळलेलं खत गेलं की संपतं. गांडूळ राहिलं तर परत खत करतं. हे मला कळत होतं, आणि तरीही बादली उचलायला माझे हात होईनात.

उचलली. एकामागून एक ओतल्या, मुंग्या तरंगून वर येईपर्यंत. त्यांना सुपानं बाजूला काढलं, पाइपाचं तोंड मोकळं केलं. इतके दिवस ज्या पाण्यावरून मी सगळ्या घराशी भांडले, ते मीच ओतत होते.

रोपवाटिकावाला वेळेवर आला. ह्या जिल्ह्यात वेळेवर येणारा माणूस मी पहिल्यांदाच बघितला आणि तोही त्याच दिवशी. त्यानं मूठ भरली, दाबली. मनगटावरून पाण्याची धार लागली.

"ताई, ह्ये खत हाय का चिखल?"

"मुंग्या शिरल्यात, दादा. म्हणून भिजवलं. आठ दिवस थांबा, परत सुकवून देते."

"आठ दिवस? माझी रोपं पिशवीवाचून बसल्यात. बघतो दुसरीकडं. पुढच्या खेपंला बघू की." माणूस वाईट नव्हता. जाताना माझ्या सुजलेल्या हाताकडं बघून म्हणाला, "चुना लावा त्याला."

टेम्पो रिकामाच चिखलातून वळला आणि गेला. हे गोठ्याच्या दारात होते. आत गेले आणि पहार घेऊन आले.

"आजच्या बाजारातली म्हस ठरलीया. सांजंला येतीया. पावसात कुठं बांधू?" आवाज चढलेला नव्हता, तेच जास्त लागलं. "तू घाल त्यास्नी टबात. हौद मोडतो."

अट मीच कबूल केली होती. आणि माझ्यात भांडायला काही उरलंही नव्हतं. टब आणायला वळले तर आत्ती. नवी साडी अजून अंगावर, कपाळावर कालचं कुंकू, हात पदराखाली. थेट हौदाजवळ आल्या आणि माझ्या तोंडाजवळ तोंड आणून, गुपित विचारावं तसं विचारलं,

"खाल्ली का गं पोळी?"

माझ्या जिभेची गल्लीत ख्याती आहे. सगळं तोंडाशी आलं. तुमच्या पोळीनं घात केला माझा. तीन महिन्यांचं काम तुमच्या एका पोळीनं मातीत घातलं. डोळं न्हाईत, कान न्हाईत त्यांना पुरणपोळी कसली घालता? सगळं अगदी ओठांवर होतं. आणि त्या बघत होत्या. गुडघे धरून उठणारी ही बाई काल एवढ्या गर्दीत, सगळ्यांची नजर चुकवून, पाट घेऊन इथवर आली असणार. म्हशींना दिलं, गाईला दिलं, मग ह्यांनाच का नाही, एवढाच तिचा विचार. गल्लीभर 'किडं' म्हणून बोंबलत फिरलेली हीच ती.

"खाल्ली," मी म्हटलं. "सगळी खाल्ली, आत्ती."

आत्तींचं तोंड उजळलं. मग त्यांनी पहार बघितली.

"ही कशाला?"

"हौद मोडतोय, आये. म्हस येतीया."

"कुठं जायचं ह्यांनी?"

"टबात."

"काल माझ्या हातचा बेंदराचा निवद खाल्लाय त्यांनी. आणि आज त्यास्नी दावणीतनं बाहेर काढतोस? सणाच्या दुसऱ्या दिवशी? ल्येका, जनावराला निवद घालून कुणी घराबाहेर काढतंय व्हय?"

"आये, ती काय जनावरं हायत? किडं हायत ती!"

"किडं तुझ्या डोक्यात! ठेव ती पहार."

ह्यांनी माझ्याकडं बघितलं. सकाळी मुंग्यांनी भरलेली ती पोळी माझ्या हातात ह्यांनी बघितली होती. खाल्ली म्हणजे कुणी खाल्ली, ते ह्यांना पक्कं माहीत होतं. मी नजर काढली नाही. मनात म्हटलं, बोला, असेल हिंमत तर सांगा आईला. ह्यांनी पहार भिंतीला टेकवली, आणि पुढच्या पत्र्याखालची मोटरसायकल बाहेर काढून तिच्या जागी म्हशीसाठी खुंटी ठोकायला गेले. आता मोटरसायकल पावसात भिजते, त्याचं खापरही माझ्यावरच फुटतं.

माझ्या हाताला चुना लागलेला, हौद पाण्यानं गच्च, खत नासलेलं. आता निथळायचं, पाचट घालायचं, गांडुळं किती उरली ते बघायचं आणि पहिल्यापासून सुरू. कोपरा राहिला, पण तो माझ्या खतानं नाही राहिला, माझ्या खोटेपणानं राहिला, ह्याचाच मला राग येत होता. आत्ती बारदानाची घडी हातात घेऊन हौदात बघत होत्या.

"पुढच्या सालाला दोन करूया गं," त्या म्हणाल्या. "एवढ्या जणास्नी एक पोळी कुठं पुरतीया?"

"व्हय, आत्ती," मी म्हटलं.